शिक्षेआधी दोन प्रश्न

१९७२ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात रात्री उशिरा काही विद्यार्थी अंगावर कपडे नसताना शिरले. आवारात फिरले, मग काही जण पाइपवरून चढून गच्चीवर गेले. तिथे काही मुली अभ्यास करत बसल्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केल्यावर मुलं पळाली, पण मुलींनी चौघांना ओळखलं होतं. छत्तीस मुलींनी सह्या करून प्राचार्यांकडे तक्रार दिली.

प्राचार्यांनी तीन प्राध्यापकांची चौकशी समिती नेमली. समितीपुढे अडचण होती. त्या मुलांना समोर बसवून मुलींना प्रश्न विचारायचे, तर त्या बोलायलाच घाबरल्या असत्या. पुढे त्याच कॉलेजात, त्याच रस्त्यांवर या मुलांशी गाठ पडणार होती. दुसरीकडे, मुलांना काही न विचारता हाकलून द्यायचं, तर ओळखण्यात एखादी चूक झाली असेल ती कायमची दडपली जाणार होती.

समितीने मुलींचे जबाब मुलांच्या गैरहजेरीत घेतले. या चौघांचे फोटो इतर वीसेक फोटोंमध्ये मिसळून ठेवले आणि मुलींना ओळखायला सांगितलं. बहुतेकींनी तेच चेहरे दाखवले. मग मुलांना बोलावून तक्रारीत काय आहे ते सांगितलं आणि त्यांचं म्हणणं मांडायला लावलं. आपण तिथे नव्हतोच, असं ते म्हणाले. दोन्ही बाजू तोलून समितीने त्यांना दोषी धरलं आणि त्यांना दोन शैक्षणिक सत्रांसाठी काढून टाकण्यात आलं.

साक्षीदारांची उलटतपासणी करू दिली नाही, म्हणून आपल्यावर अन्याय झाला, अशी दाद त्यांनी मागितली. पाटणा उच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. नैसर्गिक न्यायाचा साचा सगळीकडे एकच नसतो, तो परिस्थितीप्रमाणे ठरतो, हा त्या निकालाचा गाभा. आरोप कळला, उत्तर द्यायची संधी मिळाली आणि समितीने कोणाची बाजू धरून काम केलं नाही, एवढं तिथे पुरेसं ठरलं.

शाळा-कॉलेजातल्या छळाच्या तक्रारी हाताळताना हा निकाल फार उपयोगी पडतो, कारण तो दोन्हीकडच्या गैरसमजांना उत्तर देतो. ‘आरोपी मुलाचं ऐकणं म्हणजे शाळेत कोर्ट भरवणं’ हा एक गैरसमज. ‘त्याचं ऐकायचं तर पीडित मुलाला त्याच्यासमोर उभं करावं लागेल’ हा दुसरा. दोन्ही खरे नाहीत.

मुळीच न ऐकता शिक्षा दिली तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं आहे. १९७१ साली कोलंबस शहरातल्या शाळांत गडबडी झाल्या. एका शाळेत जेवणाच्या हॉलमध्ये मोडतोड झाल्यावर एकाच दिवशी सत्तराहून जास्त मुलांना निलंबित केलं गेलं. त्यातल्या एकाचं म्हणणं होतं, मी फक्त तिथे उभा होतो. त्याला ते कोणी विचारलंच नव्हतं. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनाआधीही विद्यार्थ्याला आरोप सांगायला हवा. त्याने तो नाकारला तर पुरावा काय आहे हे सांगून त्याची बाजू ऐकायला हवी. यासाठी वकील लागत नाही. घटनेनंतर काही मिनिटांत मुख्याध्यापकांनी केलेलं बोलणंही चालतं. मुलापासून इतरांना धोका असेल तर त्याला आधी बाजूला करावं, पण मग शक्य तितक्या लवकर त्याचं ऐकून घ्यावं.

आपल्याकडच्या नियमांचा रोखही असाच आहे. १९९९ च्या महाराष्ट्रातल्या रॅगिंगविरोधी कायद्याप्रमाणे लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते आणि तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. आधी चौकशी, मग निलंबन, हा क्रम कायद्यातच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत तर आरोपी विद्यार्थ्याला आणि साक्षीदारांना आपलं म्हणणं, कागदपत्रं मांडायची पुरेशी संधी द्यावी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

शाळेत हे कसं घडायला हवं? समजा, सातवीतल्या एका मुलाचा डबा रोज कोणीतरी सांडतं. तो तिघांची नावं घेतो. वर्गशिक्षिका त्या तिघांना एकत्र उभं करून म्हणतात, “तुम्ही त्याला त्रास देता म्हणे?” तिघंही मान खाली घालतात. मग “माफीनामा लिहा आणि उद्या पालकांना घेऊन या.” ही सुनावणी नव्हे. “त्रास देता” या शब्दांना उत्तर देता येत नाही, कारण त्यात दिवस नाही, जागा नाही, कृती नाही. आणि ऐकण्याआधी लिहून घेतलेला माफीनामा पुढे कबुलीजबाब म्हणून फाइलीत राहतो.

आता हेच दुसऱ्या पद्धतीने. मुख्याध्यापिका आधी तक्रार करणाऱ्या मुलाकडून तपशील घेतात. त्याच दिवशी त्याची बसायची जागा बदलतात आणि मधल्या सुट्टीत एका शिक्षकांना त्याच्या आसपास राहायला सांगतात. मग तिघांना एकेक करून, पालकांना कळवून, बोलावतात. “मंगळवारी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ तू त्याचा डबा पाडलास, असं सांगितलं गेलंय. दोन मुलांनी ते पाहिलं म्हणतात. तुला काय सांगायचंय?” पाहणाऱ्यांची नावं त्या सांगत नाहीत. पहिला मुलगा कबूल होतो. दुसरा म्हणतो, मी फक्त हसलो. तिसरा म्हणतो, मंगळवारी मी कबड्डीच्या सरावाला होतो. सरावाची हजेरी काढून पाहिली, तर त्याची सही आहे. ऐकलंच नसतं, तर तिघांना एकच शिक्षा झाली असती. न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगलेला तिसरा मुलगा त्या शाळेवर पुन्हा विश्वास ठेवणार नव्हता आणि पहिला मात्र तिघांच्या आड लपला असता.

ऐकून घेणं म्हणजे दोघांना सारखंच दोषी धरणं नव्हे. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ ही म्हण अशा वेळी फार घातक ठरते. छळात टाळी बहुतेकदा एकाच हाताने वाजते. ती कोणत्या हाताने वाजली, हे शोधायलाच तर सुनावणी असते.

ती नावापुरतीच झाली, हे ओळखण्याच्या काही खुणा असतात. पालक येतात तेव्हा निर्णयाचं पत्र टाइप होऊन तयार असतं. ज्या शिक्षकाशी मुलाचा वाद झाला, तेच निर्णय देतात. मुलाचं म्हणणं कुठेही लिहिलेलं नसतं. आणि सगळ्यांत नेहमीची खूण म्हणजे, “आम्ही काढत नाही, तुम्हीच दाखला घेऊन जा.” पहिली ते आठवीच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं सोळावं कलम सांगतं. पालकांच्या सहीने दिलेला दाखला ही त्यातली पळवाट असते.

पालकांनी अशा वेळी आरडाओरडा न करता दोन प्रश्न लेखी विचारावेत. माझ्या मुलावर नेमका आरोप काय? त्याचं उत्तर तुम्ही कोणत्या तारखेला ऐकून नोंदवलं? रांचीच्या त्या समितीकडे १९७२ मध्ये या दोन्ही प्रश्नांची उत्तरं होती. म्हणून छत्तीस मुली सुरक्षित राहिल्या आणि दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली.