वापराविना बंद पडणारे सिमकार्ड

मोबाइल क्रमांक ग्राहकाच्या मालकीचा नसतो. तो कंपनीला सरकारकडून मिळालेल्या मर्यादित मालिकेतला असतो आणि ग्राहकाकडे फक्त वापरण्यापुरता असतो. पडून असलेल्या क्रमांकाचीही नोंद कंपनीच्या यंत्रणेत जागा अडवते आणि त्यातून उत्पन्न काहीच येत नाही. म्हणून असे क्रमांक परत घेऊन नव्या ग्राहकांना दिले जातात. मात्र ते केव्हा बंद करायचे, हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेले नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायने 2013 मध्ये प्रीपेडसाठी नियम घातला, की सलग 90 दिवस वापर झाला नसेल तरच क्रमांक बंद करता येईल.

आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस आणि मोबाइल डेटा यांची वापरात गणना होते. नुसता आलेला एसएमएस धरला जात नाही. त्यामुळे केवळ बँकेचे ओटीपी येण्यासाठी ठेवलेले दुसरे सिम ‘चालू’ वाटत असूनही बंद पडू शकते. वायफायवर केलेला व्हॉट्सअ‍ॅप कॉलही त्या सिमचा वापर ठरत नाही.

खात्यात 20 रुपये किंवा अधिक शिल्लक असेल, तर 90 दिवसांनंतरही क्रमांक लगेच जात नाही. 20 रुपये कापून 30 दिवसांची मुदत मिळते. समजा, 1 जानेवारी 2025 ला शेवटचा कॉल झाला आणि शिल्लक 45 रुपये आहे. 90 दिवस 1 एप्रिलला भरतात. तेव्हा 20 रुपये जाऊन 1 मेपर्यंत आणि पुन्हा 20 जाऊन 31 मेपर्यंत क्रमांक टिकतो. उरलेल्या 5 रुपयांत पुढची मुदत मिळत नाही. बंद झाल्यावर 15 दिवसांत कंपनीकडे अर्ज करून तोच क्रमांक परत सुरू करता येतो. त्यानंतर तो हातचा जातो आणि बंद झाल्यापासून किमान 90 दिवसांनी दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. जुना क्रमांक बँकेत तसाच राहिला असेल, तर ओटीपी त्या नव्या माणसाकडे जातात.

रिचार्जची वैधता ही वेगळी गोष्ट आहे. ती संपली की आधी जाणारे कॉल थांबतात आणि काही दिवसांनी येणारेही. मग वापर होण्याची वाटच उरत नाही आणि 90 दिवसांची मोजणी पुढे सरकत राहते. फोनवर सिग्नलच्या जागी केवळ आपत्कालीन कॉलची सूचना दिसू लागली, तर सिम बंद झाल्याची शंका घ्यावी.

म्हणून क्रमांक टिकवायला दोन गोष्टी लागतात. एक, वैधता संपू न देणे. डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीनंतर ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले असून विशेष पॅकची कमाल मुदत 365 दिवसांपर्यंत वाढवली आहे. डेटा नको असलेल्या दुसऱ्या सिमला असा दीर्घ मुदतीचा पॅक पुरतो. दोन, दर महिन्याला त्याच सिमवरून एक साधा कॉल करणे. दोन सिमच्या फोनमध्ये कॉल कोणत्या सिमवरून जातो, हे डायल करताना पाहावे लागते. क्रमांक सोडायचाच असेल, तर तो बंद होण्याआधीच बँक, आधार आणि यूपीआयमध्ये नवा क्रमांक नोंदवावा लागतो, कारण बँकेतील ऑनलाइन बदलासाठी अनेकदा जुन्या क्रमांकावर ओटीपी येतो.