सूर्योदयाची तृतीया, मध्यान्हीचा गणपती

2026चं पंचांग उघडून भाद्रपद शुद्ध पक्षाचं पान काढा. 14 सप्टेंबर, सोमवार. तिथीच्या रकान्यात आहे तृतीया. खालच्या ओळीत 15 सप्टेंबर, मंगळवार, आणि तिथी चतुर्थी. तरीही श्रीगणेश चतुर्थी लिहिली आहे सोमवारपुढे, आणि मंगळवारी चक्क ऋषिपंचमी! ही छपाईची चूक नाही. आकाशातल्या काळाची आणि माणसाच्या दिवसाची सांगड किती विचारपूर्वक घातली गेली आहे, ते या दोन ओळींत दिसतं.

तिथी दिवसाला बांधलेली नसते. घड्याळाच्या दोन काट्यांतलं अंतर वाढत जावं, तसा अमावास्येनंतर चंद्र सूर्यापासून पुढे पुढे सरकतो. हे अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. ते 36 अंश झालं की चतुर्थी लागते, 48 झालं की संपते. चंद्राचा वेग सारखा नसल्यामुळे या 12 अंशांना कधी 19-20 तास लागतात, तर कधी 26च्या वर. चतुर्थी पहाटे लागेल, भर दुपारी लागेल किंवा मध्यरात्रीही लागेल.

मग वार आणि तिथी यांची जोडी जुळवायची कशी? सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, हा रोजच्या व्यवहाराचा संकेत. पंचांगाचा रकाना त्यावर चालतो. पण व्रतासाठी धर्मशास्त्राने वेगळाच प्रश्न विचारला: जे कर्म करायचं आहे, त्याच्या वेळी कोणती तिथी आहे? याला कर्मकाल म्हणतात. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळची चतुर्थी बघतात, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळची अमावास्या, श्राद्धाला अपराह्णातली तिथी. गणपतीचा जन्म मध्यान्हीचा मानला जातो आणि पार्थिव गणेशाच्या पूजेची वेळही मध्यान्हाची. म्हणून इथे मध्याह्नव्यापिनी चतुर्थी लागते. रामनवमीलाही हाच नियम आहे.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच समान भाग करायचे: प्रातःकाल, संगव, मध्यान्ह, अपराह्ण, सायान्ह. त्यातला तिसरा आपला. सप्टेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य साधारण साडेसहाच्या आत उगवतो आणि पावणेसातच्या आत मावळतो. एकेक भाग जवळजवळ अडीच तासांचा पडतो, आणि मध्यान्ह येतो अंदाजे 11.20 ते 1.45.

आता पुन्हा 2026कडे या. सोमवारी सूर्योदयाला तृतीयाच आहे, पण सातच्या सुमारास ती संपते आणि चतुर्थी लागते. मध्यान्हाचा पूर्ण काळ चतुर्थीचा. मंगळवारी पावणेआठच्या आसपास चतुर्थी संपते. म्हणजे मंगळवारी सूर्योदयाला ती हजर आहे, पण पूजेच्या वेळेपर्यंत पंचमी लागून काही तास झालेले असतात. ऋषिपंचमीही मध्यान्हाचीच, म्हणून तीही मंगळवारी. सूर्योदयाचा नियम लावला असता तर गणपतीची मध्यान्हपूजा पंचमीत झाली असती!

मला या व्यवस्थेची खरी कमाल वाटते ती अडचणीच्या वेळी. लांब तिथी दोन्ही दिवशी मध्यान्हाला असू शकते. लहान तिथी एका मध्यान्हानंतर लागून दुसऱ्याच्या आधी संपूही शकते. दोन्ही दिवशी पूर्ण मध्यान्ह व्यापला, किंवा दोन्ही दिवशी मुळीच नाही, तर पहिला दिवस घ्यायचा, असं ‘धर्मसिंधु’ सांगतो. तृतीया ही गौरीची तिथी, म्हणून तृतीयेला जोडून आलेली चतुर्थी म्हणजे मातेसह आलेली, असा तिचा गौरव.

कठीण प्रसंग येतो तो दोन्ही दिवशी थोडा थोडा मध्यान्ह मिळाला की. 2023 साली 18 सप्टेंबरला दुपारी साडेबारानंतर, म्हणजे मध्यान्हाच्या मधोमध, चतुर्थी लागली आणि 19ला पावणेदोनच्या सुमारास संपली. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळा मध्यान्ह चतुर्थीचा होता, म्हणून महाराष्ट्रात गणपती 19ला बसले. कर्नाटकात मात्र काहींनी 18 तारीख धरली. न्यूयॉर्कमधल्या मराठी घरांना असा पेच पडलाच नाही. चतुर्थी लागण्याचा क्षण जगभर एकच, पण तिथे तेव्हा 18 तारखेची पहाटेची तीनची वेळ होती. चतुर्थी संपली ती 19ला सूर्योदयाच्याही आधी. तिथे 18 सप्टेंबर हाच बिनतोड दिवस ठरला.

म्हणून परदेशी असाल तर इथल्या कॅलेंडरची तारीख जशीच्या तशी उचलू नका. आपल्या गावचे सूर्योदय-सूर्यास्त घ्या, पाच भाग करा, आणि तिसऱ्या भागात चतुर्थी आहे का ते पाहा.