तरफेवर तरफ : संयुक्त लिव्हरेजचा अर्थ

लिव्हरेज म्हणजे तरफ. व्यवसायात स्थिर खर्च हा एका तरफेचा टेकू असतो, तर कर्जावरील व्याज हा दुसरीचा. एका कल्पित कारखान्याची वार्षिक विक्री १०,००,००० रुपये, बदलता खर्च ६,००,०००, स्थिर खर्च २,४०,००० व व्याज ६०,००० आहे असे मानू. बदलता खर्च वजा जाता ४,००,००० रुपये अंशदान उरते. त्यातून स्थिर खर्च भागविल्यावर व्याजपूर्व नफा १,६०,००० व व्याज दिल्यावर करपूर्व नफा १,००,००० होतो.

अंशदानास व्याजपूर्व नफ्याने भागले असता कार्यकारी लिव्हरेज २.५ येते, व्याजपूर्व नफ्यास करपूर्व नफ्याने भागले असता वित्तीय लिव्हरेज १.६ येते. या दोहोंची बेरीज करणे चूक होय. पहिल्या तरफेने वाढविलेला फरक दुसरी पुन्हा वाढविते. म्हणून संयुक्त लिव्हरेज हा त्यांचा गुणाकार, म्हणजे ४.

याचा अर्थ असा की, विक्री १० टक्क्यांनी घटल्यास व्याजपूर्व नफा २५ टक्क्यांनी घटून १,२०,००० व करपूर्व नफा ४० टक्क्यांनी घटून ६०,००० होईल. परंतु या नव्या पातळीवर अंशदान ३,६०,००० असल्यामुळे संयुक्त लिव्हरेज ६ भरते. तात्पर्य, हा अंक कारखान्याचा कायमचा गुणधर्म नव्हे. विक्री जसजशी घटते, तसतसा तोच धोका अधिक तीव्र होतो. म्हणून परीक्षेतील उत्तरात अंकाबरोबर तो विक्रीच्या कोणत्या पातळीचा आहे, हेही अवश्य नमूद करावे.