किमान रक्कम भरूनही कर्ज का फिटत नाही?

सीबीडी बेलापूरच्या एखाद्या फर्निचर कारागिराचा हिशेब मांडून पाहू. समजा, त्याने प्लायवूड, सनमायका क्रेडिट कार्डावर घेतले आणि 50,000 रुपये थकले. कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्के धरू; हा दर बाजारात सर्रास आढळतो. महिन्याचे व्याज 1,750 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 315. येणे झाले 52,065. बँक त्याच्या पाच टक्के, म्हणजे 2,603 रुपये ‘किमान देय’ मागते. आमचा कारागीर ते वेळेवर भरतो, दंड लागत नाही, आणि त्याला वाटते हप्ता फिटला. पण कर्ज उतरले अवघे 538 रुपयांनी!

शिवाय कर्ज घटते तशी किमान रक्कमही घटत जाते. याच गतीने थकबाकी निम्मी व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो, तोही कार्ड बंद ठेवले तर. धंदेवाईक माणूस कार्ड बंद कुठे ठेवतो? मागील बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याज खरेदीच्या दिवसापासून चालू होते. महिन्याला 3,000 रुपयांचे फेविकॉल-खिळे कार्डावर घेतले, की कर्ज वाढतच जाते. व्याज टाळणाऱ्याने पूर्ण बिल मुदतीत चुकवावे, एरवी कार्ड काढूच नये, असे आम्हांस वाटते.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार किमान रक्कम भरणाऱ्याचे मुद्दल वाढता कामा नये. मात्र ते लवकर फिटेल, अशी हमी त्यात नाही.