तेलाच्या पिशवीवरचा न दिसणारा कर

जऊळक्याच्या शिवारात सोयाबीन निघाले की दोन माणसे एकाच वेळी बाजाराकडे जातात. कास्तकार पोती घेऊन जातो आणि त्याच्याच वावरात सोंगणी केलेली बाई मजुरीचे पैसे घेऊन किराणा दुकानात जाते. आयकर भरणाऱ्यांच्या यादीत या दोघांचे नाव नाही. म्हणून शहरातले शहाणे म्हणतात, "हे कुठे कर भरतात?" आम्हाला या प्रश्नाचे उत्तर तेलाच्या पिशवीतून द्यायचे आहे.

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे आयात शुल्क अधिभारासह ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले. सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा, असे कारण सांगितले गेले. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. हा कर सरकारात भरला तो बंदरावरच्या आयातदाराने. पण कर भरणारा एक आणि सोसणारा दुसरा, हाच तर अप्रत्यक्ष कराचा स्वभाव. आयातदाराने तो भावात घातला, घाऊक व्यापाऱ्याने पुढे ढकलला आणि शेवटी तो जिच्यापुढे ढकलायला कोणीच नाही, त्या मजूर बाईवर येऊन थांबला. तिच्या पिशवीवर जीएसटी ५ टक्के आहे, तो कळतो तरी. आयात शुल्काची ओळ कोणत्याच बिलावर नसते.

गंमत पुढेच आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते, म्हणून भाव आयात तेलच ठरवते. ते महागले की देशी गिरणीतले तेलही त्याच्या मागोमाग महागते. या देशी तेलावर आयात शुल्काचा एक पैसाही सरकारात जात नाही. बाईच्या खिशातून मात्र तो जातोच.

मग तो पैसा कास्तकाराला तरी मिळाला का? त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजार समित्यांत भाव त्याच्या खालीच राहिला. कारण सोयाबीनच्या पोटातच आहे. एक क्विंटल दाणा गाळला तर तेल निघते सुमारे १८ किलो आणि ढेप, म्हणजे सोयापेंड, सुमारे ८० किलो. समजा तेल किलोमागे २० रुपयांनी चढले, तर क्विंटलमागे ३६० रुपये वाढले. त्याच वेळी ढेप किलोमागे ५ रुपयांनी उतरली, तर ४०० रुपये गेले. तेल महाग होऊनही दाणा ४० रुपयांनी स्वस्तच. त्या वर्षी ढेपेला जगात मागणी थंड होती, आणि इथे इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथा पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागला होता. शुल्क वाढले नसते तर सोयाबीन आणखी पडले असते, हे आम्ही मान्य करतो. पण कर लावताना जे वचन दिले, ते ढेपेने गिळले.

कराचा बोजा शेवटी कुणावर पडतो, हे कायद्यातल्या नावावरून कळत नाही. व्यवहारातून कोण हटू शकत नाही, ते पाहावे लागते. बाईला फोडणी टाळता येत नाही. कास्तकाराला उधारी फेडायची असते, हरभरा पेरायचा असतो. तो पोती धरून ठेवू शकत नाही. गिरणीवाला मात्र आज नाही तर पंधरा दिवसांनी घेईन म्हणू शकतो.

आता मापून पाहा. महिना १२ हजारांच्या घरात ३ किलो तेल लागले, तर २० रुपये वाढीचे ६० रुपये, म्हणजे कमाईचा अर्धा टक्का. महिना लाख कमावणाऱ्याने ५ किलो वापरले तरी १०० रुपये, म्हणजे टक्क्याचा दहावा भाग. आणि या लाखवाल्याला २०२५-२६ पासून नव्या रचनेत वर्षाच्या १२ लाखांपर्यंत आयकरही नाही! प्रत्यक्ष कर आधी कमाई विचारतो. तेलाची पिशवी विचारत नाही.

बाबासाहेबांनी हीच विसंगती फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना मांडली होती. आयकर उत्पन्न झाले तरच द्यावा लागतो. शेतसारा मात्र लहान कास्तकारालाही, पीक बुडाले तरी भरावा लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. आज शेतसारा नावापुरता उरला आहे. त्याची जागा खत, औषध, डिझेल यांवरच्या करांनी घेतली. कारखानदाराने कच्च्या मालावर भरलेला जीएसटी त्याला वळता करून मिळतो. कास्तकार नोंदणीत नाही, म्हणून औषधाच्या डब्यावरचा १८ टक्के त्याच्याच अंगावर राहतो, आणि भाव त्याच्या हाती नसल्याने तो पुढेही ढकलता येत नाही.

मे २०२५ च्या अखेरीस सरकारने तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले. या वेळी कारण सांगितले गेले ते ग्राहकाच्या महागाईचे.