वर्षाअखेरीचं व्याज कुणाचं? जालन्यातल्या बचत गटांच्या हिशेबाचा मागोवा

नाबार्डने १९९२ साली देशभरात पाचशे बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम, १९९९ पासून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आणि २०११ नंतर 'उमेद' अशा वाटांनी गटांचं लोण भोकरदनपासून मंठ्यापर्यंत जालना जिल्ह्यात पसरलं. या तीस वर्षांत किती गट झाले आणि बँकांनी किती कर्ज दिलं, याचे अहवाल पुष्कळ निघाले. वर्षाअखेरीस जमलेलं व्याज बायकांनी आपसात कसं वाटून घेतलं, याबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. खरं तर बरेच गट फुटतात ते याच दिवशी.

सुरुवातीच्या काळातला हिशेब सोपा होता. सगळ्याजणी एकाच दिवशी गटात आलेल्या, सगळ्यांची बचत सारखी, महिन्याला दहा किंवा वीस रुपये. त्यामुळे जमलेल्या व्याजाला डोक्यांनी भागलं की काम संपायचं आणि त्यात अन्यायही नव्हता. अडचण पुढे आली. कुणी लग्न होऊन गावातून गेली, तिच्या जागी वर्षाच्या मध्यात दुसरी आली. एखादीला दुप्पट बचत परवडू लागली. वाटणीची रीत मात्र जुनीच राहिली.

एक उदाहरण घेऊ. वर्ष एप्रिल ते मार्च, गटात बाराजणी. दहाजणी महिन्याला शंभर रुपये भरतात, एक दोनशे भरते आणि एकजण ऑक्टोबरपासून शंभर भरू लागते. वर्षाअखेरीस बचत झाली १५,००० रुपये. अंतर्गत कर्जावर व्याज आलं ११०० रुपये. वह्या आणि बँकेच्या फेऱ्या यांवर १४३ रुपये गेले, वाटायला उरले ९५७. डोक्यामागे वाटले तर प्रत्येकीला पाऊणशेहून थोडे जास्त मिळतात. म्हणजे २४०० रुपये भरणारी आणि ६०० रुपये भरणारी एकाच रांगेत.

मग बचतीच्या प्रमाणात वाटावेत का? तेही पुरेसं नाही, कारण एप्रिलमधले शंभर रुपये बारा महिने कर्जात फिरले आणि मार्चमधले एकच महिना. म्हणून रक्कम किती, इतकंच पाहून चालत नाही. ती गटाकडे किती महिने होती, तेही धरावं लागतं. एप्रिलच्या शंभर रुपयांना बाराने गुणायचं, मेच्या शंभरांना अकराने, असं मार्चपर्यंत. नियमित शंभर भरणारीचे ७८००, दोनशे भरणारीचे १५,६०० आणि ऑक्टोबरपासून आलेलीचे २१००. सगळ्या बाराजणींचे मिळून ९५,७०० होतात. ९५७ रुपये या प्रमाणात वाटले की दहाजणींना प्रत्येकी ७८, एकीला १५६ आणि नव्या सदस्येला २१ रुपये मिळतात. गट जुना असेल तर मागची शिल्लक बचत बाराने गुणून आधी मांडायची, एवढाच फरक.

याच आकड्यावरून गटाची प्रकृतीही कळते. ९५,७०० वर महिना शेकडा दोन धरले तर व्याज १९१४ यायला हवं होतं. आलं ११००. याचा अर्थ पैसा निम्म्याहून थोडाच अधिक काळ कर्जात होता. उरलेला काळ तो बँकेत पडून होता किंवा व्याज थकलं होतं, आणि यातलं काय घडलं ते कर्जवही सांगते.

जालन्यात या रीतीची खरी कसोटी लागते ती ऊसतोडीच्या हंगामात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा बाईने ऑक्टोबरपर्यंत दरमहा शंभर भरले आणि मुकादमाची उचल हातात आल्यावर नोव्हेंबर ते मार्चचे पाचशे रुपये ऑक्टोबरमध्येच भरले, तर तिचे ७८०० ऐवजी ९३०० होतात. तेच पाचशे तिने मार्चमध्ये परत आल्यावर एकदम भरले तर ६८००. गावात राहिलेल्या बाईपेक्षा पहिलीला जास्त मिळतं, दुसरीला कमी. गणित बरोबरच आहे, कारण पैसा त्या त्या काळात गटाच्या उपयोगी पडला किंवा पडला नाही. हे टोळी निघायच्या आधी बैठकीत सांगून ठरावात लिहिलं तर कुणी तक्रार करत नाही. मार्चमध्ये पहिल्यांदा सांगितलं तर, गावाबाहेर राबायला गेले म्हणून मला कापलं, असंच त्या बाईला वाटतं.

वाटणीआधी आणखी एक प्रश्न आहे, तो व्याज घेण्याच्या रीतीचा. कित्येक जुन्या गटांत पाच हजारांच्या कर्जावर शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण पाच हजारांचंच व्याज घेत. दरमहा पाचशे मुद्दल फेडणाऱ्या बाईचं शेकडा दोनने दहा महिन्यांत हजार रुपये व्याज होई. उरलेल्या मुद्दलावर धरलं तर तेच साडेपाचशे होतं. वरचे साडेचारशे गटाच्या नफ्यात दिसत, पण ते बहुधा दवाखान्यासाठी किंवा बियाण्यासाठी कर्ज काढणाऱ्या बाईच्या खिशातून आलेले असत. अशा नफ्याची वाटणी कितीही काटेकोर केली तरी ती न्याय्य ठरत नाही. व्याज घटत्या मुद्दलावर घेणं ही वाटणीची पहिली पायरी आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळाने तिसरा धडा दिला. जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतातली मजुरी आटली. अशा साली वहीत व्याज येणं दिसतं, पेटीत मात्र नसतं. वहीतले १८०० धरून वाटप केलं आणि हाती ११०० च आलेले असले, तर वरचे सातशे कुणाच्या तरी बचतीतूनच जातात. पुढच्या वर्षी कर्ज मागणारीला गट नाही म्हणतो आणि मग ती सावकाराकडे जाते. म्हणून हातात आलेलं व्याजच वाटायचं. थकलेलं येईल त्या वर्षी धरायचं. दुष्काळी जिल्ह्यात त्यातलाही एक भाग बुडीत कर्जासाठी राखून ठेवायला हवा.

बँकेचं कर्ज आल्यापासून हिशेबात आणखी एक गाठ पडली. गट बँकेकडून कमी दराने पैसा घेतो आणि सदस्यांना जास्त दराने देतो. मधला नफा बचतीच्या प्रमाणात वाटण्याचा आग्रह जास्त बचत करणाऱ्या धरतात. पण हा पैसा त्यांच्या बचतीतून आलेला नाही. बँकेपुढे फेडीची जबाबदारी सगळ्यांची मिळून असते. म्हणून हा नफा वेगळ्या खात्यावर ठेवून गंगाजळीत घालावा, आणि वाटायचाच ठरला तर सगळ्यांना सारखा वाटावा.

गुणाकाराच्या या रीतीला मर्यादाही आहे. ती वह्यांवर उभी आहे. बचत कोणत्या महिन्यात आली, हे सचिवाने त्याच बैठकीत लिहिलं नसेल तर मार्चमध्ये आठवणीने केलेला गुणाकार डोक्यामागच्या वाटणीपेक्षाही घातक, कारण तो अचूक असल्याचा भास होतो. उमेदच्या प्रशिक्षणांत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री शिकवतात. त्यातलं शेवटचं सूत्र सैल असेल तर आधीच्या चारांचा हिशेब लागत नाही.

जालन्यातल्या गटांतल्या बायांना माझं एक सांगणं आहे. येत्या एप्रिलच्या पहिल्या बैठकीत चार ओळींचा ठराव करा: व्याज उरलेल्या मुद्दलावर, वाटणी रकमेच्या आणि महिन्यांच्या गुणाकाराने, वाटायचं ते फक्त हातात आलेलं, आणि बँक-कर्जाचा नफा वेगळा. तो ठराव सगळ्यांना वाचून दाखवा आणि सह्या-अंगठे घ्या. वाटणीच्या दिवशीचं भांडण अकरा महिने आधी मिटवायचं असेल, तर त्याला दुसरा उपाय नाही.