सकाळचे लाल डोळे : आजार तीन, बाटली एक

जुलै 2023 मध्ये पुण्याजवळच्या आळंदी परिसरात शाळकरी मुलांचे डोळे येऊ लागले. बघता बघता ही साथ राज्यभर पसरली आणि विदर्भही तिच्यातून सुटला नाही. नागपुरात त्या दिवसांत औषधांच्या दुकानांतून डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या आणि काळे चष्मे हातोहात खपत होते. साथीचा एक परिणाम मात्र ती ओसरल्यावरही टिकून राहिला. सकाळी उठल्यावर डोळा लाल दिसला, की ‘डोळे आले’ असेच म्हणायचे आणि घरात मागे उरलेली बाटली बाहेर काढायची, ही सवय अनेक घरांना जडली.

इतवारीतल्या एखाद्या किराणा व्यापाऱ्याचे एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पावसाळ्याच्या आरंभी एके सकाळी घरातील तिघांचे डोळे लाल आहेत. दुकान सांभाळणाऱ्या थोरल्या मुलाचा उजवा डोळा सुजला असून त्यातून पाणी वाहत आहे. बासष्ट वर्षांच्या सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत रेती गेल्यासारखे खुपते आहे. नऊ वर्षांचा नातू उठल्यापासून मुठींनी डोळे चोळतो आहे. कपाटात गेल्या साथीतली बाटली आहे आणि तिच्यातले दोन-दोन थेंब तिघांच्याही डोळ्यांत पडतात. वरवर एकाच दिसणाऱ्या तक्रारीमागे येथे तीन वेगळे आजार आहेत आणि त्या बाटलीचे औषध तिघांपैकी एकाच्याही आजारावरचे नाही.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूस एक पातळ, पारदर्शक आवरण असते. ते कोणत्याही कारणाने चिडले, की त्यातील बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लाल दिसतो. लाली ही या आवरणाची एकच भाषा आहे. जंतू असोत, धूळ असो की कोरडेपणा, ते एवढेच बोलते. म्हणून नेत्रतज्ज्ञ लालीपाशी थांबत नाहीत. सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, डोळ्यातून काय येते, आणि त्रास केव्हा सुरू झाला व दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतो, हे तीन प्रश्न ते विचारतात. बहुतेक निदान या उत्तरांतूनच पुढे येते.

थोरल्या मुलाचे उत्तर सरळ आहे. काल दुपारपर्यंत डोळा स्वच्छ होता. रात्री खुपू लागला आणि सकाळी सुजला. सुरुवात एकाच डोळ्यात झाली आणि पाणी पातळ आहे. आठ दिवसांपूर्वी दुकानातील एका कामगाराचे डोळे आले होते. कानाच्या पाळीच्या पुढे बोट दाबले असता तेथे लहानशी, दुखरी गाठ लागते. हे विषाणूने आलेले डोळे होत. दुसरा डोळाही दोन-तीन दिवसांत लाल होण्याचा संभव मोठा. आळंदीच्या साथीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत एन्टेरोव्हायरस आढळला होता. या गटातील विषाणूंचा जोर एक-दोन दिवसांत दिसू लागतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत आजार ओसरतो. 1969 मध्ये आफ्रिकेतील घाना देशात अशीच साथ आली तेव्हा माणूस चंद्रावर नुकताच पोहोचला होता. लोकांनी तिला अपोलोचेच नाव देऊन टाकले. 1971 च्या साथीला बंगालमध्ये ‘जय बांगला’ म्हणत. डोळे येण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे ॲडिनोव्हायरस. त्याचा मुक्काम दोन-तीन आठवड्यांपर्यंत लांबू शकतो. हा विषाणू कोरड्या वस्तूवरही अनेक दिवस टिकतो, त्यामुळे टॉवेल, उशीची खोळ आणि दुकानात सगळ्यांचे हात लागणारा फोन यांच्याकडे लक्ष ठेवावे लागते.

प्रतिजैविकाचे थेंब या विषाणूंवर काम करीत नाहीत. जिवाणूंमुळे आलेले डोळे वेगळे ओळखू येतात. त्यात पिवळसर, घट्ट पू दिवसभर येत राहतो आणि पुसला तरी पुन्हा जमतो. सकाळी तर पापण्या अशा चिकटतात की कोमट पाण्याने भिजवल्याशिवाय उघडत नाहीत. थोडी चिपडे मात्र विषाणूच्या आजारात, ॲलर्जीत आणि कोरड्या डोळ्यांतही साचतात, कारण झोपेत पापण्यांची उघडझाप थांबते आणि डोळ्यातील मळ वाहून जात नाही. सकाळच्या एका नजरेवर निर्णय देऊ नये, दुपारी काय स्थिती आहे तेही पाहावे. दोन्ही डोळे घट्ट चिकटलेले असणे हे जिवाणूंकडे बोट दाखवते आणि खाज हे त्यांच्याविरुद्ध जाणारे लक्षण आहे, असे नेदरलँड्समधील डॉक्टरांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही दिसले होते.

खाजेचा प्रश्न आला की नातवाकडे वळावे लागते. त्याला खुपत नाही, दुखत नाही. त्याला फक्त खाजते आणि चोळल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही डोळ्यांत त्रास एकाच वेळी सुरू झाला. डोळ्यातून पांढरट, दोऱ्यासारखा ताणला जाणारा चिकट पदार्थ येतो. आईला नीट आठवते, की हे होळीनंतरच सुरू झाले, गेल्या वर्षीही उन्हाळ्यात असेच होते आणि वर्षभर घरातील कोणालाही त्याच्यापासून लागण झाली नाही. ही ॲलर्जी आहे. तिचा एक हट्टी प्रकार उष्ण, कोरड्या प्रदेशांतील मुलांत, त्यातही मुलग्यांत, अधिक दिसतो. नागपूरचा उन्हाळा त्याला पोषकच. डॉक्टर अशा मुलाची वरची पापणी उलटी करून पाहतात. आतल्या बाजूस फरसबंदीच्या दगडांसारखे उंचवटे दिसले, तर निदान पक्के होते.

अशा मुलाचे चोळणे हेच मोठे संकट असते. चोळल्याने आवरणातील पेशींमधून खाज आणणारे हिस्टामिन आणखी बाहेर पडते आणि क्षणभराच्या सुखानंतर खाज दुप्पट होते. वर्षानुवर्षे जोराने चोळत राहिल्यास बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा धोका वाढतो; मग चष्म्याचा नंबर सतत बदलत राहतो. म्हणून हात थांबवणे हेच पहिले औषध आहे. स्वच्छ रुमाल थंड पाण्यात बुडवून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवला की खाज उतरते. ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीविरोधी थेंब डॉक्टर देतात, ते नियमाने घालावे लागतात. कळमना बाजारात मिरचीच्या पोत्यांजवळून आल्यावर होणारी आग मात्र ॲलर्जी नव्हे. तो नुसता झोंबण्याचा परिणाम आहे आणि स्वच्छ पाण्याने डोळे धुतल्यावर तो लवकरच शमतो.

सासूबाईंचे कोडे सर्वांत अवघड, कारण त्या म्हणतात, ‘डोळ्यांतून सारखे पाणी येते.’ पाणी येणाऱ्या डोळ्याला कोरडा कसा म्हणायचे? अश्रूंचा जो थर डोळ्यावर पसरलेला असतो, त्यावर तेलाचा अतिशय पातळ लेप असतो. तो पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतो आणि पाणी उडून जाऊ देत नाही. वयानुसार या ग्रंथी तुंबतात, तेल दाट होते, अश्रू लवकर वाळतात आणि उघडे पडलेले बुबुळ खुपू लागते. मग डोळा एकदम भरपूर पाणी सोडतो. पण त्यात तेल नसल्याने ते गालावर ओघळून जाते आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो.

कोरडेपणा बहुधा दिवसभर वाचन, मोबाइल आणि पंखा यांनी वाढत जाऊन संध्याकाळी त्रास देतो. तो सकाळी उठताच जाणवत असेल, तर दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक म्हणजे पापण्यांच्या कडांची सूज. तीत पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण दिसतात. दुसरी म्हणजे झोपेत पापण्या पूर्ण न मिटणे. असा माणूस कूलरच्या किंवा पंख्याच्या झोताकडे तोंड करून झोपला, की रात्रभर बुबुळ वाळत राहते. हे त्याला स्वतःला कळत नाही. घरातील कोणीतरी रात्री पाहिले पाहिजे.

सासूबाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघते. डोळे लाल झाले म्हणून ‘ॲलर्जीच असेल’ असे समजून त्या महिनाभर रात्री सेटिरिझिनची गोळी घेत आहेत. या जातीच्या गोळ्या अश्रूही कमी करू शकतात. म्हणजे चुकीच्या निदानाने घेतलेले औषधच आजार वाढवीत होते. तपासणीत डॉक्टर डोळ्यात पिवळ्या-नारिंगी रंगाची पट्टी टेकवतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात. पापण्या न मिटता अश्रूंचा थर दहा सेकंदांच्या आत फाटू लागला, तर तो टिकाऊ नाही असे समजतात. दुसऱ्या तपासणीत कागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे अडकवतात. दहा मिलिमीटरपेक्षा कमी भाग ओला झाला तर अश्रू कमी असल्याची शंका घेतात, पाचपेक्षा कमी झाला तर कोरडेपणा तीव्र मानतात. सासूबाईंना उपाय मिळतो तो नातवाच्या उलट: तेल पातळ व्हावे म्हणून थंड नव्हे तर सोसवेल अशा गरम ओल्या कापडाचा शेक, त्यानंतर पापण्यांच्या कडेवर हलका मसाज, दिवसातून काही वेळा कृत्रिम अश्रू आणि रात्री झोताची दिशा बदलणे.

आता त्या बाटलीकडे यावे. अनेक दुकानांतून मिळणाऱ्या अशा थेंबांत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले असते. ते लाली एका दिवसात उतरवते, म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास बसतो. पण लाल डोळ्यामागे नागिणीच्या जातीतला हर्पिस विषाणू असेल, तर तेच स्टेरॉइड बुबुळावरील जखम पसरवते. काही आठवडे चालू राहिले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि दीर्घकाळ वापराने मोतीबिंदूही येतो. नातवासारख्या मुलांत हा धोका अधिक, कारण खाज दरवर्षी परतते आणि बाटलीही परतते. नेत्रतज्ज्ञ कधी कधी याच मुलांना स्टेरॉइड देतात, परंतु मोजक्या दिवसांसाठी आणि दाब तपासत. शिवाय एकच टोक तीन माणसांच्या पापण्यांना लागले, तर थोरल्या मुलाचा विषाणू उरलेल्या दोघांकडे पोहोचायला वेळ लागत नाही.

डोळे आलेल्या माणसाकडे नुसते पाहिल्याने लागण होत नाही. ती हातांनी आणि वस्तूंनी होते. काळ्या चष्म्याने प्रकाश झोंबणे कमी होते, साथ थांबत नाही. थोरल्या मुलाने पाणी वाहत आहे तोवर गल्ल्यावर न बसणे, टॉवेल वेगळा ठेवणे आणि डोळ्याला हात लागला की साबणाने धुणे, एवढे पुरे होते. गुलाबजल, मध किंवा दूध डोळ्यात घालणे हा उपचार नव्हे. त्यातून नवे जंतू जाऊ शकतात.

तिघांपैकी कोणालाही डोळ्यात खोल ठणका लागला, उजेड असह्य झाला, पापण्या मिटून उघडल्यावरही अक्षरे धूसर राहिली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर हे आजार बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला गाठावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने डोळा लाल होताच लेन्स काढून ठेवावी आणि वाट पाहू नये. नवजात बाळाचे डोळे चिकटले तर तेथे क्षणाचाही विलंब चालत नाही. आणि कपाटातली ती बाटली: बहुतेक थेंब उघडल्यापासून साधारण महिनाभरातच वापरायचे असतात, मग वेष्टनावरची मुदत कितीही लांबची असो. गेल्या साथीतली बाटली त्या हिशेबाने केव्हाच बाद झाली होती.